त्रिभाषी प्रबंधसारांशांतील आशय व बीजशब्दांचा क्रम

प्रबंधास जोडावयाचा सारांश मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहावा लागतो, तेव्हा त्या तिहींत एकच गोष्ट सांगितलेली असेल असे सर्वच गृहीत धरतात. हे गृहीत तपासून पाहणारा वाचक मात्र क्वचितच भेटतो. मराठी परीक्षक मराठी सारांश वाचतो, बाहेरच्या प्रांतातील परीक्षक हिंदी अथवा इंग्रजी वाचतो, आणि ग्रंथालयातील सूचीकार तिन्ही उतरवून घेतो. पण तोही ते समोरासमोर ठेवून वाचीत नाही. त्यामुळे तीन सारांशांत तीन निरनिराळे प्रबंध वर्णिलेले असले, तरी ते वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. लक्षात येते ते दुसऱ्या एखाद्या अभ्यासकाने इंग्रजी सारांशावर विसंबून मूळ लेखकाने कधीच न केलेले विधान त्याच्या नावावर उद्धृत केल्यानंतर.

ही विसंगती कोठे व कशी शिरते हे पाहण्यासाठी सातारा-सांगली भागातील एखादा विषय घेणे सोयीचे होईल. औंध संस्थानचे पंतप्रतिनिधी भवानराव यांनी १९३९ साली नवी राज्यघटना अमलात आणून संस्थानचा कारभार निवडून आलेल्या ग्रामपंचायतींच्या पायावर उभा केला. या प्रयोगामागे महात्मा गांधींचा सल्ला होता, आणि राजपुत्र अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन यांचे परिश्रम होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. राजधानीचे औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल हे भाग सांगली जिल्ह्यात मोडतात. या पंचायतींच्या न्यायदानावर मराठीत लिहिलेला एक प्रबंध आहे अशी कल्पना करू. त्याची साधने गावोगावच्या मराठी दप्तरांत आणि संस्थानच्या इंग्रजी पत्रव्यवहारात विखुरलेली आहेत. त्याचे निष्कर्ष म्हणून पुढे जी विधाने येतील ती केवळ उदाहरणादाखल योजिलेली आहेत. औंधच्या इतिहासाविषयी त्यांवरून काही ठरवू नये.

मराठी सारांशाचे पहिले वाक्य असे आहे असे समजा : ‘आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत मुख्यत्वे विखुरलेल्या औंध संस्थानातील ग्रामपंचायतींनी १९३९ ते १९४८ या काळात केलेल्या न्यायदानाचा हा अभ्यास आहे.’ संशोधक प्रथम याचे इंग्रजी करतो. तेथे ‘आजच्या’ आणि ‘मुख्यत्वे’ हे शब्द वाक्य आटोपशीर व्हावे म्हणून गळतात, आणि औंध हे सातारा व सांगली जिल्ह्यांतील एक ‘स्टेट’ ठरते. मग हिंदी सारांश लिहिणारा मित्र मराठी न पाहता इंग्रजीवरूनच हिंदी करतो आणि ‘सातारा और सांगली ज़िलों का औंध राज्य’ असे लिहितो. प्रत्येक टप्प्यावर झालेला बदल किरकोळ दिसतो. परंतु १९३९ साली सांगली नावाचा जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे स्वतंत्र संस्थान होते, आणि औंधशी त्याचा कारभाराचा काही संबंध नव्हता. जुन्या सातारा जिल्ह्यातून १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा हिंदी वाचकास प्रबंधाच्या काळाविषयी आणि स्थळाविषयी एकाच वाक्यात दोन चुकीच्या समजुती मिळतात, आणि दोहोंचे मूळ एका गळालेल्या ‘आजच्या’मध्ये आहे.

या उदाहरणातून जो दोष दिसतो तो भाषांतराच्या कौशल्याचा नसून भाषांतराच्या साखळीचा आहे. मराठीवरून इंग्रजी आणि इंग्रजीवरून हिंदी अशी परंपरा असली, की पहिल्या टप्प्यातील चूक दुसऱ्यात मुरते आणि तेथे नवी भर पडते. यावर उपाय म्हणून तिन्ही सारांश एकाच मुळावरून करावयास हवेत. हे मूळ म्हणजे मराठी सारांशही नव्हे. कारण प्रवाही गद्यात एका वाक्यात तीन विधाने मिसळलेली असतात आणि ती वेगळी करताना प्रत्येक भाषांतरकार आपल्या मर्जीने निवड करतो. मूळ म्हणून विधानांचा एक क्रमांकित तक्ता असावा. प्रबंध ज्या भाषेत लिहिला आहे त्या भाषेत, एका ओळीत एकच विधान, अशा रीतीने तो करावा. वरील प्रबंधाचा तक्ता सहा ओळींत मावेल : पहिल्या ओळीत विषय, काल व स्थळ, दुसरीत साधने, तिसरीत निवडलेली गावे आणि वगळलेली गावे, चौथीत मुख्य निष्कर्ष, पाचवीत त्या निष्कर्षाची मर्यादा, सहावीत लेखकाने केवळ अनुमान म्हणून मांडलेली गोष्ट. तिन्ही सारांशांत ही सहा विधाने याच क्रमाने यावीत. एका भाषेत दोन विधानांचे एक वाक्य झाले तरी हरकत नाही, परंतु क्रम मोडू नये आणि ओळ गाळू नये.

तक्ता पुढे असला म्हणजे भाषांतरकारास कोणता शब्द सोडता येत नाही हे दिसते. तक्त्यातील प्रत्येक ओळीत असे एक-दोन शब्द अधोरेखित करून ठेवण्याची पद्धत उपयोगी पडते. पहिल्या ओळीत ‘आजच्या’ हा तो शब्द. सहाव्या ओळीत ‘असावा’ हा. ‘या अनुभवाचा विलीनीकरणानंतरच्या पंचायतींवर परिणाम झाला असावा’ हे अनुमान आहे. इंग्रजी करणाऱ्याने त्याचे ‘परिणाम झाला’ एवढेच केले, तर प्रबंधात न सिद्ध झालेली गोष्ट सारांशात सिद्ध होते. सारांशाची इंग्रजी भाषा ठाम असावी अशी एक समजूत विद्यार्थ्यांत रुजलेली आहे. या चुकीचे बरेचसे श्रेय तिला द्यावे लागेल.

हिंदीच्या बाबतीत धोका निराळा आहे. लिपी एकच आणि शब्दही पुष्कळ सारखे, म्हणून मराठी संशोधक हिंदी सारांश स्वतःच लिहितो आणि त्यात आपलेच शब्द तसेच्या तसे ठेवतो. आपल्या उदाहरणात पहिलाच शब्द फसवा आहे. मराठीत ‘संस्थान’ म्हणजे राजाचे राज्य. हिंदीत ‘संस्थान’ म्हणजे एखादी शैक्षणिक वा संशोधनाची संस्था. ‘औंध संस्थान की ग्राम पंचायतें’ हे शब्द वाचून हिंदी वाचक एखाद्या विद्यालयाच्या उपक्रमाची कल्पना करील. तेथे ‘औंध रियासत’ असेच म्हटले पाहिजे. ‘घटना’ या शब्दाचेही तसेच आहे. मराठी गद्यात एकदा ‘राज्यघटना’ म्हटले की पुढे नुसते ‘घटनेनुसार’ म्हणता येते. हिंदीत ‘घटना’ हा केवळ प्रसंग होय, आणि राज्यघटनेस ‘संविधान’ म्हणावे लागते. सातारा-सांगलीच्या इतिहासावर लिहिणाऱ्यास ‘वतन’ आणि ‘इनाम’ हे शब्द पावलोपावली भेटतात. हिंदीत पहिल्याचा रूढ अर्थ मायभूमी आणि दुसऱ्याचा बक्षीस असा आहे. अशा शब्दांना हिंदी प्रतिशब्द शोधण्याचा अट्टहास करण्यापेक्षा मूळ शब्द ठेवून त्यापुढे दोन-तीन शब्दांत त्याचा अर्थ सांगणे अधिक सुरक्षित असते.

यांहून सूक्ष्म, आणि म्हणून अधिक घातक, असा एक प्रकार आहे. मराठीतील ‘ही’ हे अव्यय ‘सुद्धा’ या अर्थी येते. हिंदीतील ‘ही’ नेमक्या उलट बाजूचे आहे; ते मराठीतील ‘च’चे काम करते. तक्त्याची चौथी ओळ समजा अशी आहे : ‘किरकोळ दाव्यांचे निर्णय ग्रामपंचायतीही देत असत.’ म्हणजे इतर न्यायालयांबरोबर पंचायतीसुद्धा. मराठी कानाच्या सवयीने हिंदीत ‘ग्राम पंचायतें ही देती थीं’ असे लिहिले गेले, तर त्याचा अर्थ ‘फक्त ग्रामपंचायतीच देत’ असा होतो, आणि प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष उलटा होऊन बसतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्यास त्यात काही सापडत नाही. येथे ‘भी’ हवे. हिंदी सारांश पूर्ण झाल्यावर त्यातील प्रत्येक ‘ही’ शोधून तो तक्त्यातील कोणत्या शब्दासाठी आला आहे हे पाहणे हे काही मिनिटांचेच काम आहे. आणि मराठी माणसाने लिहिलेल्या हिंदी सारांशात ते कधीच टाळू नये.

विधाने गळण्याचे दुसरे एक कारण शब्दमर्यादा हे आहे. तिन्ही सारांशांस एकच शब्दसंख्या ठरवून दिली, की ती समान वागणूक वाटते. प्रत्यक्षात ती तशी नसते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, हिंदीत परसर्ग सुटे लिहितात, आणि इंग्रजीत त्यांच्या जोडीला उपपदेही येतात. ‘औंध संस्थानातील ग्रामपंचायतींच्या न्यायदानाविषयी’ हे मराठीत चार शब्द झाले. हिंदीत ‘औंध रियासत की ग्राम पंचायतों के न्याय-प्रशासन के विषय में’ असे म्हणताना दहा शब्द होतात, आणि हीच गोष्ट इंग्रजीत सरळ शब्दांत सांगितली तर तेरा. सगळीच वाक्ये एवढी फुगत नाहीत. तरी तीनशे शब्दांत नीट बसलेला मराठी सारांश इंग्रजीत मर्यादा ओलांडतो, असाच अनुभव येतो. मग कात्री लागते, आणि ती जवळजवळ नेहमी पाचव्या ओळीवर, म्हणजे निष्कर्षाच्या मर्यादेवर, लागते. कारण ती ओळ गेली तरी परिच्छेद अपुरा वाटत नाही. परिणामी मराठी वाचकास ‘हा निष्कर्ष आटपाडी व कुंडल भागांतील निवडक गावांपुरता आहे’ हे समजते, आणि इंग्रजी वाचकास तो साऱ्या संस्थानास लागू आहे असे वाटते. म्हणून तक्त्यातील विधानांची संख्या मराठीच्या सोयीने न ठरवता, इंग्रजीत मर्यादेच्या आत बसेल इतकीच ठेवावी. मराठी सारांश त्यामुळे आखूड झाला तर तो आखूडच राहू द्यावा. तिन्ही सारांशांची लांबी सारखी असणे हे जुळणीचे लक्षण नव्हे.

आता बीजशब्दांकडे वळू. समजा, या प्रबंधास सात बीजशब्द योजिले आहेत आणि महत्त्वानुसार त्यांचा क्रम असा आहे : औंध संस्थान, ग्रामपंचायत, न्यायदान, राज्यघटना, आटपाडी, कुंडल, विलीनीकरण. हिंदीत त्यांचे प्रतिशब्द अनुक्रमे औंध रियासत, ग्राम पंचायत, न्याय-प्रशासन, संविधान, आटपाडी, कुंडल आणि विलय. इंग्रजीत औंध प्रिन्सली स्टेट, व्हिलेज पंचायत, अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस, कॉन्स्टिट्यूशन, आटपाडी, कुंडल आणि मर्जर. या स्थितीत तिन्ही याद्यांतील पहिला शब्द पहिल्याचा, दुसरा दुसऱ्याचा प्रतिशब्द आहे. तथापि अनेक संशोधक, आणि कधीकधी टंकलेखकही, यादी नीटनेटकी दिसावी म्हणून प्रत्येक भाषेत ती वर्णानुक्रमे लावून टाकतात.

त्याचे फलित पाहण्याजोगे आहे. मराठीत क्रम होतो : आटपाडी, औंध संस्थान, कुंडल, ग्रामपंचायत, न्यायदान, राज्यघटना, विलीनीकरण. हिंदीत होतो : आटपाडी, औंध रियासत, कुंडल, ग्राम पंचायत, न्याय-प्रशासन, विलय, संविधान. पहिले पाच शब्द बरोबर जुळतात. सहाव्या स्थानी मात्र मराठीत राज्यघटना आणि हिंदीत विलय येतो, सातव्या स्थानी विलीनीकरण आणि संविधान. आरंभीचे चार-पाच शब्द पाहून समाधान मानणाऱ्याला याद्या जुळल्या असेच वाटणार. इंग्रजी रोमन वर्णक्रमात न्यायदानाचा प्रतिशब्द प्रथम जातो, मग आटपाडी, औंध, राज्यघटना, कुंडल, विलीनीकरण आणि शेवटी ग्रामपंचायत. मराठी यादीशी ताडून पाहिले तर सातांपैकी एकाही स्थानी जोडी जुळत नाही. जो सूचीकार याद्या स्थानानुसार जुळवून त्रिभाषी सूची करील, तो ‘कुंडल’पुढे औंधचे आणि ‘न्यायदान’पुढे कुंडलचे इंग्रजी नाव लिहून मोकळा होईल. त्यात त्याचा दोष नाही. दोन याद्या शेजारी छापल्या की त्या स्थानाने जुळतात असे मानणे स्वाभाविकच आहे.

म्हणून बीजशब्दांचा क्रम वर्णांचा नसून संकल्पनांचा असावा, आणि तो एकाच भाषेत ठरवून इतर दोहोंत जसाच्या तसा उतरवावा. कोणता शब्द प्रथम आणि कोणता नंतर याविषयी एकच एक नियम नाही. विषयाचे केंद्र आधी, त्याची अंगे नंतर, स्थळे त्यानंतर आणि प्रसंग अखेरीस असा क्रम इतिहास व राज्यशास्त्रातील प्रबंधांस सोयीचा पडतो. येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. शोध घेणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने या क्रमास फारसे महत्त्व नाही. सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे ज्याच्या क्षेत्रात येतात त्या शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध आज ‘शोधगंगा’ या संग्रहात पाहावयास मिळतात. तेथील नोंदीत बीजशब्द `dc.subject.keyword` या नावाखाली एकेक सुटा शब्द म्हणून राहतो. ‘न्यायदान’ शोधणाऱ्यास तो तिसरा असो वा पाचवा, सापडतोच. पण अमुक मराठी शब्दाचा अमुक इंग्रजी प्रतिशब्द हे नाते अशा नोंदीत लिहिलेले नसते. ते सांगणारी खूण केवळ क्रमाची असते, आणि पुढे नोंद एका यंत्रणेतून दुसरीत नेताना तीही पुसली जाऊ शकते. याच कारणाने बीजशब्दांचा त्रिस्तंभी तक्ता प्रबंधाच्याच परिशिष्टात छापून ठेवणे इष्ट होय.

याद्या ज्या चिन्हाने तोडल्या जातात ते चिन्हही येथे आड येते. ‘कुंडल, सांगली जिल्हा’ असा एक बीजशब्द इंग्रजीत ठेवला आणि शब्दांमध्येही स्वल्पविरामच घातले, तर सात शब्दांचे आठ होतात आणि त्यानंतरचा प्रत्येक शब्द एक घर पुढे सरकतो. तिन्ही याद्यांत अर्धविराम वापरावा, शब्दाच्या पोटात विरामचिन्ह येऊ देऊ नये, आणि शेवटी प्रत्येक यादी मोजावी. मोजणी सारखी आली म्हणजे जोड्या जुळल्या असे होत नाही. पण ती सारखी आली नाही तर कोठेतरी चुकले आहे हे निश्चित.

सारांश एकदा जुळले, तरी ते जुळलेलेच राहतात असे नाही. प्रबंधाच्या जीवनात धोक्याचा काळ मौखिक परीक्षेनंतरचा असतो. परीक्षकांनी सुचविल्यावरून मराठी सारांशात एक वाक्य बदलले जाते. उदाहरणार्थ, ‘अठरा गावे’च्या जागी ‘सोळा गावे’ होते, कारण दोन गावांची दप्तरे अपुरी ठरली. मुदत जवळ आलेली असते, इंग्रजी सारांश अगोदरच बांधणीला गेलेला असतो, आणि हिंदीची प्रत दुसऱ्याच्या संगणकावर असते. आकडा एका ठिकाणी बदलतो आणि दोन ठिकाणी तसाच राहतो. हे टाळण्यासाठी दुरुस्ती सारांशात करण्यापूर्वी तक्त्यात करावी, तेथे दिनांक घालावा, आणि तिन्ही सारांशांच्या पायथ्याशी तक्त्याचा तोच दिनांक लिहावा. ज्याचा दिनांक मागे राहिला तो सारांश मागे राहिला, हे कोणासही एका दृष्टिक्षेपात समजते.

अखेरची तपासणी कोणी करावी हा प्रश्न उरतो. ज्याने सारांश लिहिले त्याला ती करता येत नाही, कारण वाक्यात जे नाही तेही त्याच्या मनात असते आणि त्याचे डोळे ते भरून काढतात. मराठी सारांश न पाहिलेल्या एखाद्या सहाध्यायास फक्त हिंदी व इंग्रजी सारांश द्यावेत, आणि प्रत्येकावरून ‘काळ कोणता, गावे किती, निर्णय कोण देत असे, हा निष्कर्ष कोठवर लागू आहे’ एवढ्याच प्रश्नांची उत्तरे लिहावयास सांगावीत. दोन्ही उत्तरपत्रिका तक्त्यास लावून पाहिल्या म्हणजे ‘ही’ आणि ‘भी’ यांतील गोंधळ, गळालेला ‘आजच्या’ आणि न बदललेला अठराचा आकडा, हे सारे बहुधा तेथेच बाहेर पडतात. बीजशब्दांसाठी हीच युक्ती थोडी बदलावी : एका यादीतील शब्द सुट्या चिठ्ठ्यांवर लिहून दुसऱ्या यादीशेजारी लावावयास सांगावे. दोघे जुळवणारे निरनिराळी जोडी लावतात तेथे शब्द संदिग्ध आहे असे समजावे.

अशा कसोटीत औंध हे नावच प्रथम अडखळण्याची शक्यता आहे. पुण्यास त्याच नावाचे एक उपनगर आहे, म्हणून नुसते ‘औंध’ हा बीजशब्द मराठी वाचकासही पुरेसा नाही. रोमन लिपीत तर ते अवधच्या जुन्या इंग्रजी नावापासून केवळ एक-दोन अक्षरांनी वेगळे राहते, आणि हिंदी वाचकास अवध अधिक परिचित असल्यामुळे तो औंध हीच मुद्रणातील चूक समजतो. तिन्ही याद्यांत ‘संस्थान’, ‘रियासत’ आणि ‘प्रिन्सली स्टेट’ ही जोड त्या नावापासून कधीही सुटू न देणे, आणि हिंदी व इंग्रजी सारांशांत ते नाव प्रथम येईल तेथे आजचा सातारा जिल्हा सांगणे, एवढ्याने हा घोटाळा टळतो.